परमिट रूममध्ये 'आता बास' कसं म्हणायचं? पोरांना शिकवायला वाक्यं हवी आहेत (सोलापूर)

विजापूररोडवाला
नमस्कार मंडळी. आमचं विजापूर रोडला फॅमिली रेस्टॉरंट आणि परमिट रूम आहे, सध्या मी बघतो. पोरं बहुतेक अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर भागातली. कामाला चोख आहेत, पण एका ठिकाणी अडतात. गिऱ्हाइकाला जास्त झाली की काय बोलायचं ते त्यांना कळत नाही. एक तर मागेल तसा पेग देत राहतात, नाही तर एकदम तोडून टाकतात.

गेल्या शनिवारी एका पोराने सरळ सांगितलं, "साहेब, तुम्हाला जास्त झालीये, आता मिळणार नाही." आवाज एवढा की शेजारच्या दोन टेबलांनी माना वळवल्या. ते साहेब ऑफिसच्या लोकांना घेऊन आले होते. उठले, खुर्ची पडली, पुढचं सांगत नाही. पोराचा हेतू चांगला होता. पण त्या माणसाला सोमवारी त्याच लोकांसमोर बसायचं होतं.

मला उपदेश नको, वाक्यं हवी आहेत. कोणी, कुठे उभं राहून, कुणाला, काय बोलायचं. पोरांकडून पाठ करून घेईन. या धंद्यातल्या जाणकारांनी लिहावं.

अनुभवी_माणूस
सोपं आहे. ऑर्डर घेतानाच ॲडव्हान्स घ्या. दारूवर बसलेला माणूस बिलाला कधी सरळ नसतो. आमच्याकडे तीन पेगांनंतर बिल दाखवायचं आणि पैसे घेऊनच पुढचं द्यायचं असा नियम होता. एक रुपया बुडाला नाही.

विजापूररोडवाला
काका, बिल बुडण्याचा प्रश्न नाही. त्या साहेबांनी बिल दिलं, वर टीपही ठेवली. प्रश्न अपमानाचा आहे.

जुना_कॅप्टन
पुण्यात आणि नंतर सोलापुरात हॉटेलांतच आयुष्य गेलं. कॅप्टन म्हणून पोरं घडवली. सविस्तर लिहितो.

तुमच्या पोराचं वाक्य बघा. त्यात "तुम्हाला" आहे, "जास्त" आहे आणि "मिळणार नाही" आहे. तिन्ही त्या माणसाबद्दल बोलतात. बोलायचं ते पेगाबद्दल आणि जेवणाबद्दल. माणसाबद्दल एक शब्द नाही. एवढं पोरांच्या डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आता क्रम. नकार ही तिसरी पायरी आहे. पोरं थेट तिथेच उडी मारतात, म्हणून भांडण होतं.

पहिली पायरी म्हणजे रिपीट विचारणं बंद करणं. ग्लास तळाला गेला की "साहेब, रिपीट?" म्हणायची सवय पोरांच्या तोंडात बसलेली असते. गिऱ्हाईक अर्धवट तंद्रीत मान हलवतं आणि पेग येतो. तो त्याने मागितलेला नसतो, तुम्ही पाजलेला असतो. म्हणून ज्या टेबलाचा वेग वाढलाय तिथे विचारायचंच नाही, त्याने स्वतः हाक मारली तरच ऑर्डर घ्यायची. न सांगता पाण्याचा जग भरायचा. खारे शेंगदाणे, मसाला पापड पुन्हा पुन्हा टाकायचे नाहीत, खारटाने तहान वाढते. त्याऐवजी, "साहेब, तवा गरम आहे, ज्वारीची भाकरी आणि मटण लावायला सांगू का?" या प्रश्नात नकार कुठेच नाही. आठपैकी पाच-सहा टेबलं इथेच वळतात, जेवण समोर आलं की बसणं आपोआप संपतं.

दुसरी पायरी सोबतच्या माणसाची. टेबलावर एक जण असतो जो बाकीच्यांना घेऊन आलेला असतो. त्याला टेबलावर काही सांगायचं नाही. त्याच्या बाजूला जाऊन, "साहेब, जेवणाचं जरा विचारायचं होतं, एक मिनिट काउंटरला येता का?" तिथे आल्यावर हळू आवाजात: "मालक, सगळं छान चाललंय. त्या साहेबांचा पुढचा पेग मी थांबवतोय आणि जेवण लावतोय. तुम्ही सोबत आहात म्हणून आधी तुमच्या कानावर घातलं." इथे "देऊ की नको?" असं विचारायचं नाही. विचारलं तर तो मित्र आहे, तो "दे रे एक" म्हणणारच. निर्णय तुमचा, त्याला फक्त खबर.

तिसरी पायरी थेट बोलण्याची. एकटा बसलेला माणूस असेल, किंवा कोणी ऐकतच नसेल तेव्हा. समोर उभं राहायचं नाही, समोरून बोललं की ती टक्कर होते. बाजूला यायचं, कमरेत वाकायचं, तोंड त्याच्या कानाच्या उंचीला आणायचं. आवाज एवढाच की शेजारच्या खुर्चीवर ऐकू जाऊ नये. आणि एवढंच: "साहेब, पेग आता थांबवतो. जेवण गरम आणतो." कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो.

जेवून येतो, उरलेलं लिहितो.

लिंबू_सरबत
कॅप्टन साहेबांशी सहमत, पण एवढी सर्कस कशाला? आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी सरळ सांगतात, "साहेब, तुमचा ब्रँड संपला." माणूस गप बसतो. आणि त्याआधी एक कडक ब्लॅक कॉफी, नाही तर लिंबूपाणी द्यायचं. अर्ध्या तासात उतरते. दही पण चालतं.

टेबल_नंबर_सात
मी वेटर आहे, नवी पेठेकडच्या एका ठिकाणी. ब्रँड संपला म्हणायचं मी करून बघितलंय. पाच मिनिटांत मागच्या टेबलाला तीच बाटली गेली. साहेबांनी बघितली. मग मला म्हणाले, मी काय भिकारी आहे का, त्याला देतो आणि मला नाही. आधी फक्त नाही म्हणायचं होतं, आता मी खोटारडाही ठरलो. तेव्हापासून सोडलं.

जुना_कॅप्टन
सातवाले भाऊ बरोबर बोलले. दुसरं असं, ब्रँड संपला म्हटलं की तो दुसरा ब्रँड मागतो. मग काय तोही संपला? "बार बंद झाला" हेही तसंच, काउंटरवर ग्लास वाजत असतात. खोट्याने पहिली दोन मिनिटं वाचतात आणि पुढची वीस जातात.

पेगात पाणी मिसळून द्यायचा सल्ला काही मालक देतात, तो तर पोरांच्या कानावरही जाऊ देऊ नका. माप कमी देणं ही फसवणूक आहे. आणि पिणाऱ्याला पहिल्या घोटात कळतं.

कॉफीचं सांगतो. कॉफीने माणूस जागा राहतो, उतरत नाही. लिंबूपाणी आणि दह्याने तोंडाला बरं वाटतं, तेवढंच. जे पोटातून रक्तात गेलं ते यकृत आपल्या वेगाने काढतं, साधारण तासाला एक छोटा पेग, म्हणजे ३० मिलिचा. तो वेग कशानेही वाढत नाही. जेवणाचाही उपयोग एवढाच की पुढचं हळू चढतं आणि वेळ जातो. म्हणून कॉफी द्या, पण "कॉफी प्यायले, आता गाडी चालवतील" असं धरून चालू नका. अशाने जागा झालेला माणूस जास्त धोक्याचा, त्याला वाटतं आपण ठीक आहोत.

लिंबू_सरबत
कॉफीचं माहीत नव्हतं. पण मग "थांबवतो" म्हटल्यावर तो "का?" विचारणारच की. तेव्हा काय?

जुना_कॅप्टन
विचारतो. आणि खरा सापळा त्याच्यापुढचा आहे: "मला चढलीये असं वाटतं का तुला?" इथे नव्वद टक्के पोरं फसतात. "हो" म्हटलं की अपमान, "नाही" म्हटलं की "मग आण." या प्रश्नाला हो-नाही द्यायचंच नाही. "साहेब, तसं मी म्हणत नाही. पेग थांबवतोय एवढंच. पाणी ठेवलंय, जेवण पाच मिनिटांत येतं." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. शब्द बदलले की त्याला वाटतं हा ढिला पडतोय, अजून रेटलं तर देईल.

पेग मोजून दाखवायचे नाहीत. "साहेब, सहा झालेत" हे वाक्य कधीच नाही. सोबतच्यांसमोर आकडा आला की तो आकडा ऑफिसात पोचतो.

"मालकाला बोलव" म्हणाला तर लगेच, चेहरा न पाडता: "हो साहेब, बोलावतो." मालकाने किंवा कॅप्टनने येऊन वेटरचंच वाक्य म्हणायचं: "साहेब, जेवण मी स्वतः लावून घेतो. पेग आज इथे थांबवू." मालकाने येऊन "दे रे साहेबांना एक, माझ्याकडून" म्हटलं की तो पोरगा त्या हॉटेलात पुन्हा कुणालाही नाही म्हणणार नाही. विजापूररोडवाले, हे तुमच्यासाठी आहे.

आणि हात लावायचा नाही. खांद्यावर, पाठीवर, दंडाला, कुठेच नाही. तोल गेला तर खुर्ची सरकवून आधार द्या. एका टेबलाशी एकच माणूस बोलेल. चार पोरं गोळा झाली की बाकीच्या हॉलला तमाशा कळतो.

टेबल_नंबर_सात
सगळं पटतं. पण आमची अडचण वेगळी. मी थांबवलं की साहेब दुसऱ्या पोराला हाक मारतात आणि तो बिचारा नवीन, घेऊन जातो पेग. मी वाईट, तो चांगला. टीप पण त्यालाच.

जुना_कॅप्टन
त्यासाठी काउंटरला खूण लागते. आम्ही म्हणायचो, "सातला जेवण लागलं." गिऱ्हाइकाने ऐकलं तरी त्यात काही नाही. बारवाल्याला मात्र कळतं की सात नंबरला आता बाटलीतलं काही जाणार नाही, ऑर्डर कुणीही आणू दे. दुसरा पोरगा पेग मागायला आला की बारवालाच सांगतो, "सातला जेवण लागलंय," आणि विषय तिथेच मिटतो. नकाराचं ओझं एका पोरावर येत नाही.

टिपेचं मालकाने बघावं. टीप एकत्र करून वाटली तर ही भानगड राहत नाही, पण ते प्रत्येक हॉटेलात जमत नाही हेही खरं.

सुनंदा_म
मी हॉटेलवाली नाही. पण हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

एका लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही सगळे बाहेर जेवायला गेलो होतो. माझ्या मिस्टरांना जास्त झाली. वेटर खूप सभ्य होता, अगदी हळू बोलला. पण तो माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, साहेबांना जरा सांगा ना, आता थांबवा म्हणून." त्याला वाटलं घरच्यांनी सांगितलं तर ऐकतील. मी सांगितलं. सासरची सगळी माणसं बसली होती. त्यांनी काय उत्तर दिलं आणि घरी गेल्यावर काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कॅप्टन दादा, तुम्ही लिहिलंय सोबतच्या माणसाला सांगा. सोबत बायको असेल तर तिला सांगू नका, एवढं तुमच्या पोरांना शिकवा. तिच्या हातात थांबवणं असतं तर तिने केव्हाच थांबवलं असतं.

जुना_कॅप्टन
सुनंदाताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. मी "सोबतचा माणूस" म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मित्रांचं टेबल होतं. फॅमिली टेबलाला वेगळाच नियम हवा. तिथे नकार पूर्णपणे हॉटेलने आपल्या अंगावर घ्यायचा. बायकोला, मुलांना मध्ये घ्यायचं नाही, त्यांच्याकडे बघायचंही नाही. कॅप्टनने थेट साहेबांशी, बाजूने, हळू बोलायचं. ताईंना विचारायचं असेल तर एवढंच: "ताई, जेवण आता लावू का?" म्हणजे त्यांना निदान कळतं की पेग बंद झालाय आणि तो त्यांनी बंद केलेला नाही.

विजापूररोडवाला
ताई, मनापासून आभार. हे मी आजच लिहून घेतलं.

कॅप्टन साहेब, एक खरी केस घेऊन सांगाल का? मागच्या महिन्यात आलेलं टेबल सांगतो. चौघे. यजमान इथले टॉवेलचे व्यापारी, बाकी तिघे बाहेरगावचे खरेदीदार. म्हणजे ज्याला जास्त झाली तो पाहुणा, आणि यजमानाचा धंदा त्याच्यावर. सव्वाआठला बसले. त्या पाहुण्याने आधी दोन स्ट्राँग बिअर घेतल्या, मोठ्या बाटल्या. साडेनऊला व्हिस्की सुरू, दोन लार्ज. सव्वादहाला तिसरा लार्ज मागितला. पोराच्या हिशेबाने "दोन बिअर आणि दोन पेग, काही जास्त नाही." त्याने दिला. अकराला पाहुणा संडासाच्या दारात बसला.

जुना_कॅप्टन
ही केस उत्तम आहे, कारण चूक हिशेबात आहे.

बिअरची मोठी बाटली ६५० मिलि. स्ट्राँग म्हणजे ८ टक्क्यांपर्यंत. म्हणजे एका बाटलीत साधारण ५२ मिलि निव्वळ अल्कोहोल. व्हिस्की आपल्याकडे ४२.८ टक्के, तेव्हा ३० मिलिच्या छोट्या पेगात जेमतेम १३ मिलि. भागून बघा, एक स्ट्राँग बिअर म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्यांचे आठ. दोन लार्ज म्हणजे चार छोटे. पोराच्या डोक्यात चार होते, पाहुण्याच्या पोटात बारा. दोन तासांत. यकृताने त्यातले दोन काढले असतील.

शिवाय शेवटचा पेग रक्तात पूर्ण चढायला अर्धा तास, कधी तासही लागतो. म्हणजे सव्वादहाला जो माणूस तुम्हाला दिसत होता तो पावणेदहाचा होता. सव्वादहाचा माणूस अकराला संडासाच्या दारात दिसला. म्हणून थांबवायचं ते दिसण्याच्या एक पेग आधी.

हे टेबल मी असं चालवलं असतं. साडेनऊला बिअरवरून व्हिस्कीवर गेले, तिथेच कान टवकारायचे. त्या वेळी स्टार्टर आणायचे, तेलकट, पोटभरीचे, शीक कबाब वगैरे. पावणेदहाला पाणी. दुसरा लार्ज त्याने मागितला की द्यायचा, पण रमतगमत, आणि देतानाच यजमानाकडे बघून: "मालक, दहा वाजता भाकऱ्या लावायला सांगतो." आता जेवणाची वेळ यजमानासमोर ठरली. दहाला यजमानाला काउंटरला बोलवायचं. पाहुणा त्याचा खरेदीदार आहे, त्यामुळे यजमान म्हणणार, "अरे, नाराज होईल, दे एक." इथे त्याला त्याचा फायदा दाखवायचा: "मालक, साहेब उद्या सकाळी तुमच्याकडे माल बघायला येणार ना? मी थांबवलं असं होऊ द्या, तुमच्यावर येणार नाही." यजमानाला हेच हवं असतं. त्याला थांबवायचं असतं, पण आपल्या तोंडाने नको असतं.

सव्वादहाला पाहुण्याने हाक मारली की बाजूने, वाकून: "साहेब, पेग आता थांबवतो. तुमच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणतो, सोलापूरची खास." परगावच्या माणसाला हे चालतं. त्याला नकारात पाहुणचार दिसतो.

टेबल_नंबर_सात
बिअरचा हिशेब आजपर्यंत मला कोणी सांगितला नव्हता. आम्ही बिअरला पाण्यात धरतो.

भाषेचं एक सांगतो. माझं घर पद्मशाली, घरी तेलुगू बोलतो. गिऱ्हाईक आपल्या भाषेतलं निघालं तर "अन्ना" म्हणून तेलुगूत हळूच बोललो की माणूस लगेच मऊ होतो. आणि शेजारच्या टेबलाला कळतही नाही काय चाललंय. कानडी येणारी पोरं पण असंच करतात. मराठीत सगळ्या हॉलला कळतं.

जुना_कॅप्टन
हे सोलापुरात खरंच चालतं. फक्त सोबतच्यांना ती भाषा येत नसेल तर लांबवू नका, त्यांना वाटतं त्यांच्याबद्दल काहीतरी बोलतोय. एक-दोन वाक्यांत संपवा.

रात्रपाळी_नर्स
मी सरकारी दवाखान्यात अपघात विभागात आहे. तुमची वाक्यं छान आहेत, पण एक धोका कुणी लिहिला नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस रिकाम्या पोटी प्यायला की साखर खाली येते. मग जीभ जड होते, घाम सुटतो, हात थरथरतात, चिडचिड करतो, भलतंच बोलतो. बघणाऱ्याला वाटतं चढली. प्रत्यक्षात त्याने दोनच पेग घेतलेले असतात. पेगांच्या मानाने माणूस फारच बिघडलेला दिसला, अंगाला थंड घाम असला, तर सोबतच्याला विचारा, "साहेबांना शुगर आहे का?" शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर साखरेचं सरबत किंवा साधं गोड कोल्ड्रिंक द्या, डाएटचं नको. दहा-पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दवाखाना. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

दुसरं, झोपलेल्या माणसाला "झोपू दे, उतरेल" म्हणून मागच्या खोलीत टाकतात. आमच्याकडे अशी माणसं पहाटे येतात. हलवून, हाक मारून जागा होत नसेल, श्वास अगदी सावकाश किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ लावा. तोवर कुशीवर झोपवा, उताणं नाही, उलटी घशात जाते. आणि एक माणूस जवळ बसवा. अशा वेळी अब्रूचा विचार मागे ठेवा.

विजापूररोडवाला
ताई, हे काउंटरच्या मागे चिकटवतो. शुगरचं डोक्यातच आलं नव्हतं.

रस्त्यावरचा
सगळं बोललात, गाडीची किल्ली राहिली. माझ्या मते किल्ली काढून घ्यायची, विषय संपला. कायद्याने १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा. पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन छोट्या पेगांतही बरेच जण त्याच्या आसपास जातात. होटगी रोडला, हैदराबाद रोडला रात्री ट्रकांची रांग असते. किल्ली घ्या.

अनुभवी_माणूस
हिसकावून घेतली तर तोच पोलिसात जाईल, माझी गाडी अडवली म्हणून. आमच्या काळात एकदा झालंय. वेटरला मार पडला तो वेगळाच.

जुना_कॅप्टन
हिसकावायची नाहीच. मागायची, आणि तीही जाताना नाही, जेवण चालू असताना. "साहेब, गाडी मागे अडकलीये, वॉचमन काढून ठेवतो, किल्ली देता का?" हे बरेच जण सांगतात, पण ती गाडी खरंच अडकलेली नसेल तर हेही खोटंच, आणि ब्रँड संपल्यासारखंच अंगावर येतं. मी सरळ सांगायचो: "साहेब, गाडी रात्री इथेच राहू द्या. वॉचमन आहे, गेट बंद असतं. रिक्षा दारात उभी केलीये, सकाळी येऊन घेऊन जा." यात रिक्षा खरंच उभी असली पाहिजे. बोलून मग शोधायला गेलात तर तो तोवर बाईकला किक मारतो. ओळखीचे दोन रिक्षावाले ठेवा, रात्री अकरा-साडेअकरापर्यंत येणारे.

सोबतचा शुद्धीत असलेला मित्र असेल तर किल्ली त्याच्याकडे जावी, तुमच्याकडे नाही.

रस्त्यावरचा
आणि एकटा असेल, रिक्षा नको म्हणाला, किल्ली देईना, तर?

जुना_कॅप्टन
तर मालकाने स्वतः गेटपर्यंत जाऊन बोलायचं, वेळ काढायचा, चहा पाजायचा, घरच्या कुणाचा नंबर मागायचा. तरीही स्टार्ट मारलीच तर ११२ ला फोन करावा असं माझं मत आहे. पण मी काम केलेल्या ठिकाणी यावर कधीच एकमत झालं नाही. मालक म्हणायचे, आपल्या गिऱ्हाइकावर आपणच पोलीस घातले तर उद्या कोण येईल.

टेबल_नंबर_सात
आम्हाला तर फोन करायची परवानगीच नाही. वॉचमन गेट उघडायला जरा उशीर लावतो, किल्ली सापडत नाही म्हणतो. तेवढंच आमच्या हातात.

सुनंदा_म
घरी फोन करताना तरी घरच्यांना नीट सांगा. "साहेबांना घ्यायला या" एवढंच. पूर्ण वर्णन नको, फोन मुलं उचलतात.

विजापूररोडवाला
मंडळी, उद्या दुपारी चारला पोरांना बसवतोय, जेवणाची गर्दी संपल्यावर. एक पोरगा गिऱ्हाईक, एक वेटर, एक बारवाला, अशी उलटसुलट तालीम. तीनच वाक्यं पाठ करून घेणार: "जेवण लावू का?", "पेग आता थांबवतो", आणि "तसं मी म्हणत नाही, पेग थांबवतोय एवढंच." काउंटरची खूण कॅप्टन साहेबांचीच घेतली. बिअरचा हिशेब बारच्या आतल्या भिंतीवर लिहितोय.

किल्लीचं अजून ठरवलं नाही. रिक्षावाले दोघं बघितलेत, पण एक म्हणतो रात्रीच्या दारुड्याला नेणार नाही, सीटवर उलटी करतात. त्याला प्रत्येक फेरीला हॉटेलकडून जादा पैसे देऊ का, यावर घरात बोलणं चालू आहे.

लग्नाचा_लॉन
उशिरा वाचतोय. आमचा लॉन आहे, पार्टीत बिल नाही, टेबल नाही, वेटर कुणाचं किती झालं मोजणार कसं? तिथे हे कसं करायचं?

जुना_कॅप्टन
तिथे वेटरवर सोडूच नका. बुकिंगच्या वेळीच यजमानाशी लेखी ठरवा की जेवण सुरू झालं की अर्ध्या तासात बार काउंटर बंद होईल. स्ट्राँग बिअर ठेवायची की नाही तेही तेव्हाच ठरवा. ग्लास काउंटरवरच भरायचा, बाटली टेबलावर द्यायची नाही. आणि यजमानाकडून एका माणसाचं नाव घ्या, त्याचा भाऊ किंवा मेहुणा, जो त्या रात्री पिणार नाही. पोरं त्यालाच येऊन सांगतील. बाकीचं वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.